भुताला वजा करा : उन्हासमोरच्या फोटोतला हिरवा डाग

सूर्य समोर ठेवून फोटो काढला की फोटोत सूर्याबरोबर आणखी काही पाहुणे येतात. कधी हिरवट-जांभळे षटकोनी डाग, कधी एक छोटासा चमकणारा ठिपका, तर कधी सगळ्या फोटोवर दुधाची साय धरल्यासारखी पांढुरकी झाक. फोटोग्राफीवाले या डागांना 'घोस्ट' म्हणतात आणि आमच्या होस्टेलवर त्याला सरळ 'भूत' म्हणतात. हे भूत उतरवायचा बहुतेकांना एकच उपाय माहीत असतो, तो म्हणजे शेजारचा तुकडा उचलून डागावर चिकटवणे. आकाश असेल, गवत असेल, तर हा उपाय चालतो. पण डागाखाली जे आहे तेच तुम्हाला हवं असेल तर? तर मग चिकटवाचिकटवी म्हणजे पुरावा पुसणं होतं.

हे मी उगाच तात्त्विक म्हणून सांगत नाही. आमच्या सिव्हिलच्या मित्रांचा एक गट पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका गडावर तटबंदीची पाहणी करायला गेला होता. तटाच्या आतल्या बाजूला एक भेग आहे, वर पिंपळ उगवलेला आहे आणि मुळं दगडांच्या सांध्यात शिरलेली आहेत. ती भेग किती खाली उतरली आहे हे दाखवणारा फोटो त्यांना अहवालात लावायचा होता. तटाची ती बाजू पूर्वेकडे तोंड करून आहे, गट तिथे पोचला संध्याकाळी, त्यामुळे सूर्य तटाच्या वर आणि तट सावलीत. फोटो आला, पण भेगेचं खालचं टोक जिथे संपतं नेमक्या तिथेच एक हिरवा डाग बसला होता. पुन्हा जायचं तर पुढच्या सुट्टीपर्यंत थांबायला हवं आणि अहवाल द्यायचा होता आठवड्यात. फोटो माझ्याकडे आला तो असा. त्याचं पुढे काय केलं ते इथे पायरीपायरीने सांगतो.

भूत येतं कुठून?

साध्या काचेवर प्रकाश सरळ पडला तर त्याचा सुमारे ४ टक्के भाग परत फिरतो. लेन्समध्ये अशा काचा अनेक असतात. सूर्याचा प्रकाश आत शिरतो, एका पृष्ठभागावरून मागे फिरतो, दुसऱ्यावर आपटून पुन्हा पुढे येतो आणि सेन्सरवर भलत्याच ठिकाणी पडतो. दोन परावर्तनं म्हणजे ४ टक्क्यांचे ४ टक्के, हजारात दीड भाग. काचेवर चांगलं कोटिंग असेल आणि एका पृष्ठभागावरून अर्धा टक्काच परत येत असेल, तर दहा लाखांत २५ भाग. आकडा क्षुल्लक वाटतो, पण सूर्य समोरच्या सावलीतल्या दगडापेक्षा लाखो पट तेजस्वी आहे हे विसरू नका. त्याचा इतका अंशही दगडावर भारी पडतो.

अशा जोड्या किती होतात तेही बघा. पृष्ठभाग १० असतील तर दोन-दोनच्या जोड्या ४५. प्रत्येक जोडीचं एक भूत. बहुतेक इतकी पसरट असतात की दिसतच नाहीत, जी जरा एकवटतात ती दिसतात. डागाला कोन असतात कारण तो डायफ्रॅमच्या पात्यांमधल्या छिद्राचा आकार असतो. रंग हिरवा किंवा जांभळा असतो कारण कोटिंग सगळे रंग सारखे अडवू शकत नाही, जो कमी अडतो तो परत येतो.

या सगळ्यातून आपल्या कामाची गोष्ट एकच निघते. भूत हा प्रकाश आहे आणि तो खऱ्या प्रकाशात मिळवला गेलेला आहे. त्याने खालचं चित्र पुसलेलं नाही. जे मिळवलं ते वजा करता येतं, फक्त किती मिळवलं हे कळायला हवं.

आधी भूत ओळखा

आमच्या फोटोत निरखून पाहिलं तर भुतं दोन होती. एक मोठा हिरवा बहुकोन, सुमारे ४०० पिक्सेल रुंद, भेगेच्या टोकावर. दुसरा एक छोटा झगझगीत ठिपका, खालच्या गवतावर. दोघांचं कूळ वेगळं आहे, आणि ते साध्या भूमितीने कळतं.

फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा, म्हणजे मध्यबिंदू (३०००, २०००). डाव्या वरच्या कोपऱ्यापासून मोजलं तर सूर्य (४३५०, ९००) वर होता. आता सूर्याच्या बरोबर विरुद्ध बिंदू काढा. रुंदीतून एक आकडा वजा, उंचीतून दुसरा. ६००० वजा ४३५० म्हणजे १६५०, ४००० वजा ९०० म्हणजे ३१००. छोटा ठिपका (१६५०, ३१००) च्या दोन-चार पिक्सेल आसपासच सापडला. असा तंतोतंत विरुद्ध बिंदूवर बसलेला, बारीक, रेखीव ठिपका दिसला की समजायचं की लेन्सच्या पुढे बसवलेला चपटा यूव्ही फिल्टर कारणीभूत आहे. सेन्सरवर पडलेला सूर्य थोडा परावर्तित होऊन लेन्समधून बाहेर जातो, फिल्टरच्या सपाट काचेवर आपटून परत आत येतो आणि विरुद्ध बाजूला पुन्हा फोकस होतो. उपाय सोपा आहे, सूर्य समोर असेल तेव्हा फिल्टर काढून खिशात ठेवायचा.

मोठ्या हिरव्या डागाचं केंद्र होतं (२१९०, २६६०). मध्यापासून डावीकडे ८१० आणि खाली ६६०. सूर्य मध्यापासून उजवीकडे १३५० आणि वर ११००. दोन्हींचं गुणोत्तर काढा, ८१० भागिले १३५० म्हणजे ०.६ आणि ६६० भागिले ११०० म्हणजेही ०.६. म्हणजे डाग सूर्य आणि मध्य यांना जोडणाऱ्या रेषेवर आहे, पण विरुद्ध बिंदूवर नाही. हे लेन्सच्या आतल्या काचांचं भूत. फिल्टर काढला असता तरी ते आलंच असतं.

ही मोजणी कातरलेल्या फोटोवर करू नका. फोटो कापला की मध्य सरकतो आणि हिशेब फसतो.

मोजमाप, पण जेपेगवर नाही

वजाबाकीसाठी रॉ फाईल लागते. कारण असं की सेन्सरवरचे आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात असतात, पण जेपेग करताना त्यांच्यावर गॅमाची वक्ररेषा लावली जाते. मग तेच भूत अंधाऱ्या जागी जास्त आणि उजळ जागी कमी दिसायला लागतं. गॅमा २.२ धरून उदाहरण घेऊ. भूत सगळीकडे ०.०७० इतकाच प्रकाश मिळवतंय. काळ्या भेगेत मूळ मूल्य ०.०१० असेल तर जेपेगमध्ये ३१ चा आकडा ८१ होतो, म्हणजे ५० ची वाढ. दगडावर ०.०५५ असेल तर ६८ चे ९९ होतात, वाढ ३१. आणि आकाशावर ०.६०० असेल तर २०२ चे २१३, वाढ जेमतेम ११. आता जेपेगमधून तुम्ही ५० वजा करणार की ३१ की ११? आणि हो, भूत आकाशावर असलं तर नजरेत भरत नाही, काळ्या दगडावर आलं की टोचतं, त्याचं कारणही हेच.

रॉ फाईलमधून सरळ प्रमाणातले आकडे काढायला `dcraw` हा जुना छोटा प्रोग्रॅम उत्तम आहे. २०१८ नंतर त्यात भर पडलेली नाही, त्यामुळे नव्या कॅमेऱ्याची फाईल तो उघडणार नाही. तेव्हा लिबरॉ बरोबर येणारा `dcraw_emu` वापरा, पर्याय तेच.

```
dcraw -w -4 -T tat.nef
```

यातला `-4` म्हणजे १६ बिट आणि गॅमा नाही. तयार होणारी `tat.tiff` उघडली तर फोटो अंधारा दिसेल. घाबरू नका, तो तसाच दिसायला हवा.

आता मोजमाप. डागाच्या कडेवर असा एक दगड शोधायचा जो अर्धा डागात आहे आणि अर्धा बाहेर. एकच दगड असल्यामुळे दोन्ही भागांतला फरक हा भुताचाच फरक. एकेका पिक्सेलवर भरवसा ठेवायचा नाही, २० बाय २० चा चौकोन घेऊन सरासरी काढायची.

```python
import tifffile
a = tifffile.imread("tat.tiff").astype("float32")/65535
print(a[2650:2670, 2010:2030].mean((0,1)))
print(a[2650:2670, 1950:1970].mean((0,1)))
```

पहिली ओळ डागाच्या आतली, दुसरी बाहेरची. आतले आकडे लाल, हिरवा, निळा या क्रमाने आले ०.०७५, ०.१२५, ०.०७०. बाहेरचे ०.०६०, ०.०५५, ०.०४५. वजाबाकी केली की भूत हातात येतं, लाल ०.०१५, हिरवा ०.०७०, निळा ०.०२५.

इथे लगेच पुढे पळायचं नाही. आपण जे गृहीत धरलं, की भूत मिळवलेलं आहे, ते खरं आहे का हे आधी तपासायचं. त्यासाठी एक उजळ आणि एक काळी जागा घ्या. आमच्याकडे दगडांच्या सांध्यातला चुना उजळ होता. त्याचा हिरवा आकडा बाहेर ०.१४०, आत ०.२११, फरक ०.०७१. काळ्या भेगेत बाहेर ०.०१०, आत ०.०८०, फरक ०.०७०. तिन्ही ठिकाणी फरक तोच. गुणोत्तर मात्र बघा, चुन्यावर दीडपट, दगडावर सव्वादोनपट, भेगेत आठपट. म्हणूनच कर्व्ह्ज किंवा रंग-संपृक्तता कमी करून हा डाग कधीच नीट जात नाही. दगड बरोबर आला की भेगा हिरव्या राहतात, भेगा बरोबर आल्या की दगड काळा पडतो. त्या साधनांत गुणाकार आहे आणि आपल्याला हवी आहे वजाबाकी.

वजाबाकी

आता डाग नेमका कुठे आहे हे कॉम्प्युटरला सांगायचं. गिंपमध्ये `tat.tiff` उघडा, दिसण्यापुरती उजळ करा आणि `Free Select` ने डागाच्या कोनांवर टिचक्या मारत बहुकोन पूर्ण करा. कड १०-१२ पिक्सेल मऊ करा. डाग पांढरा, बाकी सगळं काळं, अशी ग्रेस्केल प्रतिमा मूळ आकारातच, `Flatten Image` करून `mask.tif` या नावाने बाहेर काढा. मग वरच्याच प्रोग्रॅमला एवढं जोडा.

```python
import numpy as np
m = tifffile.imread("mask.tif").astype("float32")
m = m/m.max()
d = np.array([0.015, 0.070, 0.025])
b = np.clip(a - m[..., None]*d, 0, 1)
out = (b**(1/2.2)*65535).astype("uint16")
tifffile.imwrite("tat2.tif", out, photometric="rgb")
```

शेवटी गॅमा परत लावला आहे, म्हणून `tat2.tif` नेहमीच्या फोटोसारखी दिसते.

पहिल्या फेरीत काम फत्ते होईल अशी अपेक्षा ठेवू नका. चूक कुठे आहे हे फोटोच सांगतो. डागाच्या जागी जांभळट झाक आली तर हिरवा जास्त वजा झालाय. हिरवट उरली तर कमी. डागाभोवती गडद रेघ आली तर मास्क डागापेक्षा मोठा आहे, उजळ रेघ आली तर लहान. भेगांमध्ये सपाट, निर्जीव काळा रंग दिसला तर आकडे शून्याखाली जाऊन कापले गेलेत, म्हणजे पुन्हा जास्त वजा झालंय.

आमच्या डागात एक भानगड निघाली. सूर्याकडच्या बाजूला तो जरा जास्त तेज होता, तिथे हिरव्याचा फरक ०.०८२ आला. भूत क्वचितच सगळीकडे एकसारखं असतं. मग `d` मधले तिन्ही आकडे त्याच प्रमाणात वाढवले, म्हणजे हिरवा ०.०८२ झाला, आणि मास्कमध्ये सूर्याकडची कड पूर्ण पांढरी ठेवून पलीकडच्या कडेपर्यंत ग्रेडियंटने ८५ टक्क्यांवर उतरवली. ०.०८२ चे ८५ टक्के म्हणजे ०.०७०, पहिला आकडा. तिसऱ्या फेरीला डाग गेला आणि भेग दिसली. ती डागाच्या मध्यापर्यंत नव्हे, तर जवळजवळ खालच्या कडेपर्यंत उतरली होती, मूळ फोटोत दिसत होती त्यापेक्षा एक पूर्ण दगड खाली. शेजारचा दगड उचलून चिकटवला असता तर अहवालात तट आहे त्यापेक्षा धडधाकट दिसला असता.

जिथे वजाबाकी चालत नाही

आता गवतावरचा तो छोटा ठिपका. तिथले आकडे काढले तर तिन्ही रंग १.०००. म्हणजे सेन्सरचं भांडं काठोकाठ भरलं होतं. भरलेल्या भांड्यात वरून किती ओतलं आणि आधी किती होतं, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. मोठं भूत ४०० पिक्सेलभर पसरलं होतं म्हणून सौम्य होतं, हा ठिपका फोकसमध्ये होता, सगळा प्रकाश चार-पाच डझन पिक्सेलच्या रुंदीत एकवटला, म्हणून भांडं भरलं. इथे वजा करण्यासारखं काही उरत नाही, गिंपचं `Heal` घेऊन शेजारचं गवत लावायचं. मी तेच केलं, आणि 'खालच्या डाव्या भागातील गवताचा ठिपका दुरुस्त केलेला' अशी ओळ फोटोखाली टाकायला सांगितली. भेगेच्या जागी हीच वेळ आली असती तर तो फोटो अहवालात लावता आला नसता, एवढं साधं आहे.

दुसरी मर्यादा म्हणजे कण. आपण भुताची सरासरी वजा करतो, पण प्रकाश थेंबाथेंबाने येतो आणि त्या थेंबांतला चढउतार मागे राहतो. हा चढउतार एकूण प्रकाशाच्या वर्गमूळाने वाढतो. दगडावर प्रकाश सव्वादोनपट झाला होता, म्हणून कण दीडपट. भेगेत आठपट, म्हणून कण जवळजवळ पावणेतीनपट. डाग गेल्यावर त्या जागी फोटो किंचित वाळूसारखा दिसला तर हे त्याचं कारण. नॉइज कमी करायचं साधन तेवढ्याच भागावर हलक्या हाताने फिरवा, पण बारीक भेगा पुसल्या जाणार नाहीत इतपतच.

गडावर असतानाच काय करायचं

हे सगळं फोटो घरी आल्यानंतरचं. जागेवर असाल तर दोन मिनिटांत याहून चांगलं काम होतं. कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, एक्स्पोजर आणि फोकस मॅन्युअल करा आणि एक फोटो काढा. मग काहीही न हलवता हात लांब करून अंगठ्याने किंवा टोपीने फक्त सूर्य झाका, अंगठ्याची सावली लेन्सच्या पुढच्या काचेवर पडली पाहिजे, आणि दुसरा फोटो काढा. सूर्याचा प्रकाश आतच शिरत नाही, त्यामुळे दुसऱ्या फोटोत भूतही नाही आणि दुधाची सायही नाही. नंतर दोन्ही फोटो एकावर एक ठेवून तट दुसऱ्यातला घ्यायचा आणि आकाश पहिल्यातलं. हे करताना ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे बघू नका, डोळ्याला इजा होईल, मागच्या स्क्रीनवरच बघा.

आणि हातात फक्त मोबाईल असेल तर? मोबाईलमध्ये बहुधा विरुद्ध बिंदूवरचं हिरवट ठिपक्याचं भूत येतं. स्क्रीनवर बघत मोबाईल किंचित वळवा. सूर्य फ्रेममध्ये उजवीकडे सरकला की ठिपका डावीकडे सरकतो, वर गेला की खाली. तेव्हा असे दोन फोटो काढा की एकात ठिपका भेगेच्या या बाजूला असेल आणि दुसऱ्यात त्या बाजूला. कुठल्या ना कुठल्या फोटोत प्रत्येक दगड स्वच्छ मिळतो, आणि मग वजाबाकीही करावी लागत नाही.